बापूंचं घड्याळ मी बागेत कसं खराब केलं



फळछाटणीच्या गडबडीत पंधरा-वीस दिवस काही लिहायला जमलं नाही. आज बागेपेक्षा घड्याळाबद्दल जास्त लिहितोय, पण वाचा. औषध मारताना, पेस्टिंग करताना, खत विस्कटताना ज्यांच्या मनगटावर घड्याळ असतं त्या सगळ्यांसाठी हे आहे.

सुरुवात घड्याळापासून झालीच नाही, मनगटापासून झाली. छाटणी झाली आणि दुसऱ्या दिवशी काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावलं. हातात रबरी मोजे होते, तोंडाला मास्क होता, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. रात्री जेवताना डाव्या मनगटाला चुरचुर व्हायला लागली. वाटलं तारेचं खरचटलं असेल. सकाळी बघतो तर मनगटाभोवती लालभडक कडं. बोटभर रुंद, कडा अगदी आखल्यासारख्या सरळ, आणि आतल्या बाजूला बारीक पाण्याचे फोड. उजव्या हाताला काही नाही. डाव्या हाताच्या पंजालाही काही नाही. फक्त कडं.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "इथं घड्याळ बांधता का?"

बांधतो. बापूंचं. एचएमटीचं जनता, चावीचं. बापू गेले तेव्हापासून माझ्याच हातात आहे. तबकडीवर नागरी अक्षरात ‘जनता’ लिहिलेलं ते घड्याळ आपल्याकडे घराघरात असायचं, त्यामुळे वेगळं सांगायला नको. बापू ते मनगटाच्या आतल्या बाजूला तबकडी करून बांधायचे, मीही तसंच बांधतो.

कुणी म्हणेल, मोबाईल असताना बागेत घड्याळ कशाला? बाबांनो, मोजे घातलेल्या ओल्या हातानं खिशातला मोबाईल काढून बघा एकदा. आणि मला मिनिटं नाही, सेकंद बघायचे असतात. ब्लोअरचे नोझल तपासताना एकेका नोझलखाली मापाचं भांडं धरून एक मिनिटाचं पाणी मोजतो. नव्या नोझलपेक्षा दहा टक्क्यांच्या वर जास्त पाणी देणारा नोझल झिजला समजायचं आणि बदलायचा. त्याला सेकंद काटा लागतो. शिवाय थ्री फेजची वेळ, ठिबकचे व्हॉल्व्ह, चुनकळी किती वेळ भिजली, हे सगळं त्या काट्यावरच चालतं.

डॉक्टरांनी मलम दिलं आणि जे सांगितलं ते साधं होतं. उघड्या कातडीवर थेंब पडला तर तो वाळतो किंवा आपण धुतो. पट्ट्याखाली तो वाळत नाही. तिथं घाम असतो, हवा लागत नाही, पट्टा दाबून बसलेला असतो. औषध लावून वर घट्ट पट्टी बांधावी तसंच ते होतं, फरक एवढाच की हे औषध वेलीचं आहे. आणि पट्टा चामड्याचा असेल तर तो स्पंजासारखा पिऊन घेतो. मी संध्याकाळी हात साबणानं धुतले, पट्टा तसाच ठेवला आणि परत बांधला. म्हणजे आठ तासांचं काम, पण औषध अंगाला चोवीस तास.

घरी येऊन पट्टा काढला. कपड्याच्या साबणाच्या पाण्यात दोनदा धुतला, उन्हात वाळवला. वाळल्यावर नाकाजवळ धरला तर वास तसाच. नुसता सायनामाइडचा नाही, मागच्या हंगामातल्या कुठल्यातरी ईसी औषधाचा तो ओळखीचा रॉकेलसारखा वासही त्यात होता. चामडं एकदा औषध प्यालं की धुऊन स्वच्छ होत नाही. ते बूट असो, कंबरपट्टा असो की घड्याळाचा पट्टा, टाकूनच द्यावं लागतं. कापडी पट्टाही पाणी पितोच, पण तो निदान कपड्यांसारखा वेगळा धुता येतो. मी तो पट्टा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून टाकला. चुलीत घातला नाही, तुम्हीही घालू नका, त्याचा धूर घरातच फिरतो.

पट्टा नवा घ्यायचा म्हणून तालुक्याच्या बाजारात घड्याळवाल्या काकांकडे गेलो. बापूही त्यांच्याकडेच जायचे. काकांनी घड्याळ हातात घेतलं, मागून बघितलं, कानाला लावलं, चावी दोन बोटांत धरून वरखाली हलवली. मग चष्म्यातून माझ्याकडे बघून म्हणाले, "पट्टा राहू दे. हे रोज किती मागं पडतंय?"

म्हटलं, "पाचेक मिनिटं पडतं. सकाळी लावून घेतो."

"कधीपासून?"

उन्हाळ्यापासून. म्हणजे खरड छाटणीच्या वेळेपासून. मी त्याकडे दुर्लक्ष केलं, कारण माझा हिशेब सोपा होता. दिवसाला पाच मिनिटं चुकणारं घड्याळ एका मिनिटात पाव सेकंदसुद्धा चुकत नाही, नोझल मोजायला काय फरक पडतो? हिशेब बरोबर होता. पण वेलीचं एखादं पान पिवळं पडलं तर पान मोजून आपण गप्प बसत नाही, मूळ बघतो. इथं मी पान मोजून गप्प बसलो होतो.

काकांनी मागचं झाकण उघडलं आणि मला जवळ बोलावलं. भिंगातून जे दिसलं ते सांगतो.

चावीचा दांडा केसच्या ज्या भोकातून आत जातो, केस म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची डबी, तिथं काळपट चिकट लगदा होता. आपल्या काळ्या रानातली धूळ आणि घाम. काका म्हणाले, "इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट बघितलीस ना? हे तेच आहे." मातीत वाळूचे जे बारीक कण असतात ते पितळेपेक्षा तर कठीण असतातच, स्टीललाही ओरखडतात. मी रोज सकाळी वीस-पंचवीस वेळा चावी फिरवून त्या पेस्टनं भोक घासत होतो. भोक रुंद झालं, चावी डुगडुगायला लागली, आणि मग धूळ अडायची सोयच उरली नाही. ती आत जाऊन तेलात बसली. घड्याळातलं तेल म्हणजे सुईच्या टोकाएवढा थेंब. त्यात धूळ मिसळली की त्याचं वंगण होतं तसं मळही होतो. चक्रं जड चालतात आणि घड्याळ मागं पडतं. पाच मिनिटांचं मूळ ते होतं.

त्यांनी मला दोन खुणा दाखवल्या, त्या घरी करून बघता येतात. चावी दोन बोटांत हलकी धरून वरखाली हलवायची. नव्या घड्याळात ती जेमतेम हलते, झिजलेल्यात खुंटीसारखी डुलते. दुसरी खूण, चावी देताना कर्रकर्र लागते का बघायचं. गुळगुळीत टिकटिक वेगळी आणि खरखर वेगळी. खरखर लागली की आणखी चावी द्यायची नाही, कारण प्रत्येक फेऱ्याला आपण घासतोय.

चावीच्या घड्याळाची ही अडचण आहे की चावीला रोज हात लावावाच लागतो. आणि मी हात कुठं लावायचो? बागेत. सकाळी मांडवाखाली पोचल्यावर आठवण झाली की तिथंच चावी द्यायची, कधी गंधकानं पिवळ्या झालेल्या बोटांनी. बापू रात्री जेवण झाल्यावर, हात धुऊन, कॉटवर बसून चावी द्यायचे. मला ती नुसती त्यांची सवय वाटायची.

मग काकांनी केस उलटी धरली. पट्टा अडकतो ते चार कान असतात ना, त्यांच्या आतल्या बाजूला चमक उडून खड्डे पडले होते, आणि खड्ड्यांत हिरवट किटण. मला वाटलं मोरचूद अडकलाय. बोर्डो करताना मोरचुदाची बादली मीच ढवळतो. काका म्हणाले, थोडा असेल, पण हे हिरवं बाहेरून आलेलं नाही. ही केस स्टीलची नाही, पितळेची आहे. त्यावर निकेल आणि वर क्रोमचा पातळ मुलामा. फक्त मागचं झाकण स्टीलचं.

हे मला लगेच कळलं, कारण आपल्या घरात कल्हईची भांडी होती. कल्हई शाबूत असेपर्यंत पितळेच्या भांड्यात काहीही ठेवा. एकदा कुठं उडाली की त्याच जागी ताक कळकतं. क्रोमचं तसंच. क्रोमला घामाचं फारसं काही होत नाही. पण अँगलला घासून कुठं ओरखडा गेला की घामातलं मीठ त्या फटीतून खालच्या पितळेपर्यंत पोचतं, आणि मग मुलाम्याच्या खालून पोखरायला सुरू करतं. वरून छोटा ठिपका दिसतो, खाली मोठा खड्डा असतो. मोरचुदाचं चुना न घातलेलं पाणी आंबट असतं, म्हणून तर आपण ते लोखंडी पिंपात करत नाही, आणि बोर्डो झाल्यावर खुरपं बुडवून तांबूस थर चढतो का बघतो. ते पाणी अशा खड्ड्यात बसलं तर काम आणखी सोपं. आणि हे सगळं होतं पट्ट्याच्या आड, जिथं आपण कधी बघतच नाही. बाहेरच्या बाजूनं बापूंचं घड्याळ मला अगदी नीट दिसत होतं.

कानांच्या मधली जी बारीक पिन असते, जिच्यावर पट्टा राहतो, ती एका बाजूला अर्धी झाली होती. गंजलेली. आणखी महिनाभरात ती तुटून घड्याळ कुठल्यातरी सरीत पडलं असतं, आणि वरून रोटाव्हेटर.

ठोक्यांचं थोडक्यात सांगतो. वाय पद्धतीच्या बागेत डावा हात सारखा अँगलला लागतो, त्यात सगळी काच ओरखडलेली होती. जुन्या घड्याळांची काच खरी काच नसते, ॲक्रिलिक असते. ओरखडे पॉलिश करून जातात, पण ईसी औषधातलं सॉल्व्हंट तिच्यावर पडून राहिलं तर तिला आतून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा पडतात, त्या जात नाहीत. माझ्या काचेला एका कडेला तशा होत्या, ती बदलावीच लागली. तबकडी आतल्या बाजूला बांधायची बापूंची पद्धत काच वाचवायला चांगली. पण मनगटाची आतली बाजू घामाची, आणि फवारणीत हात वर केला की ओघळ तिकडूनच येतो. बापूंनी त्या घड्याळानं बैल हाकले, ब्लोअर चालवला नाही.

चावीच्या बाजूनं बसलेला ठोका सगळ्यात वाईट. दांडा वाकतो, मग चावी फिरताना एका जागी अडल्यासारखी लागते. आतलं जे चक्र उलटसुलट फिरत असतं त्याच्या दांड्याचं टोक केसाएवढं बारीक असतं. हातातून पडल्याचा धक्का सोसावा म्हणून त्याला स्प्रिंगवर बसवलेले खडे असतात. ते वाचलं होतं. माझं घड्याळ धक्क्यानं मेलं नव्हतं, मळानं चाललं होतं.

घरी येऊन हे सगळं सांगितल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, म्हणूनच मी सेलवालं घेतलं. माझं वॉटरप्रूफ हाय." त्याच्या घड्याळाच्या मागं लिहिलंय वॉटर रेझिस्टंट, पुढं आकडा नाही. एवढंच लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ हात धुताना पाणी उडालं, पाऊस लागला तर चालेल. आणि तेही नव्या घड्याळाला. पाणी अडवतं कोण, तर झाकणाखाली आणि चावीच्या दांड्यावर असलेली रबरी रिंग. आपल्या पंपातली ओरिंग असते तीच, फक्त दोऱ्याएवढी. पंपातली ओरिंग ईसी औषधानं फुगते, मऊ होते, हंगामाला बदलावी लागते हे आपल्याला पाठ आहे. घड्याळातली कोण बदलतं? सेल टाकताना झाकण उघडलं, जुनीच रिंग तिरकी बसवली, झालं.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यात आली ती काकांनाही पटली. आपण टाकीत नुसतं पाणी घालत नाही. सिलिकॉनचा स्प्रेडर घालतो. स्प्रेडर नसलेला थेंब द्राक्षाच्या पानावर मण्यासारखा उभा राहतो, स्प्रेडर घातला की तोच थेंब पसरून पानाच्या सुरकुतीत शिरतो. त्यासाठीच तर आपण पैसे मोजतो. मग साधं पाणी ज्या फटीच्या तोंडाशी मण्यासारखं थांबलं असतं, तिथं हे पाणी थांबेल कशाला? पावसात टिकलेलं घड्याळ फवारणीत टिकेलच असं नाही, ते यामुळं. पहाटे गार हवेत बाहेर आल्यावर काचेच्या आतून धुकं धरलं तर समजायचं, आत ओल गेलेली आहे. पुतण्याच्या घड्याळाला ते धरत होतं. त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं, मी दाखवल्यावर गप्प झाला.

हातमोज्यांचंही सांगतो, कारण माझ्या मनगटावर औषध गेलं ते तिथूनच. मांडवाखाली हात वर करून काम असतं, तेव्हा मोज्याची वरची कड शर्टाच्या बाहीवर यायला पाहिजे आणि तिला बाहेरून एक दुमड घालायची, म्हणजे ओघळ दुमडीत थांबतो. जमिनीकडे हात करून मारायचं असेल तेव्हा उलटं, बाही मोज्यावर. हे मी पाळलं होतं. पण आत घड्याळ असल्यामुळं मोजा मनगटाला चिकटून बसलाच नाही. घड्याळाच्या उंचवट्याशेजारी बोटभर फट राहिली आणि दिवसभर स्पंजातलं औषध हळूहळू तिथून खाली उतरलं. मोजा होता म्हणून मी बेफिकीर होतो, आणि घड्याळ होतं म्हणून मोजा निकामी होता. धातूचा पट्टा असता तरी हेच झालं असतं, वर त्याच्या कड्या-कड्यांत औषध वाळून बसलं असतं.

मनगट बरं व्हायला बारा दिवस गेले. कातडी सोलून निघाली, आता तिथं पांढरट पट्टा आहे.

घड्याळ काकांनी पूर्ण उघडून धुतलं, नवीन तेल दिलं, काच, चावी आणि पिन बदलली. भोक रुंद झालं होतं तिथं त्यांनी पितळेची बारीक बुशी बसवली, अगदी मोटारीच्या शाफ्टला बसवतो तशी. आता दिवसाला मिनिटभरही चुकत नाही. कानांचे खड्डे मात्र तसेच आहेत. परत मुलामा चढवायचा तर आधी खड्डे भरेपर्यंत घासावं लागेल, मग कान बारीक होतील आणि पिनेचं भोक कडेला येईल, असं ते म्हणाले. म्हटलं, राहू दे. किटण तेवढं मऊ ब्रशनं काढून घेतलं.

आता बागेत मनगटावर काही नाही. बाजारातून प्लास्टिकचं आकडेवालं साधं घड्याळ आणलं, त्याचे पट्टे कापून टाकले आणि झिपच्या पारदर्शक पिशवीत घालून ब्लोअरच्या टाकीला सुतळीनं बांधलं. सेकंद लांबून दिसतात, हात लावावा लागत नाही. पिशवी पांढुरकी झाली की बदलतो. नोझल परवाच मोजले, दहातला डाव्या बाजूचा तिसरा जास्त पाणी देत होता, तो बदलला.

बापूंचं घड्याळ घरी कॉटच्या उशाशी असतं. नवा पट्टा चामड्याचाच घेतला, कारण ते आता गावात-लग्नात जाताना बांधायचं. चावी रात्री जेवण झाल्यावर देतो. मोरचुदाच्या दिवशी नखांत निळं राहतं, त्या दिवशी मुलीला सांगतो.